वेदाला कंजूष म्हणणारी ओवी

ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात, ग्रंथ संपत आलेला असताना, ज्ञानेश्वर एक धाडसी विधान करतात. 'वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥' वेद श्रीमंत खरा, पण त्याच्याइतका कंजूष दुसरा कोणी नाही. तो तीन वर्णांच्याच कानाला लागला. स्त्रिया आणि शूद्र बाहेरच राहिले. पुढे ते म्हणतात, हे मागचं उणं फेडायला वेदच गीता होऊन आला, कोणालाही सेवन करता यावा म्हणून.

यातली चतुराई बघा. वेदाचा अधिकार ते नाकारत नाहीत. वेदालाच त्याची चूक सुधारायला लावतात! मात्र गीताही संस्कृतातच होती. ज्याला ते येत नाही, त्याच्यापुढे दार उघडून उपयोग काय? ते काम शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, मराठी ओवीनं केलं. सातशे श्लोकांच्या सुमारे नऊ हजार ओव्या झाल्या. शब्दाला शब्द ठेवून हे होत नाही. श्लोक सांगायचा, मग दृष्टान्तामागून दृष्टान्त देत तो ऐकणाऱ्याच्या गळी उतरवायचा. मी मुद्दाम 'ऐकणाऱ्याच्या' म्हणतोय. पोथ्या हातानं लिहिलेल्या आणि वाचता येणारे थोडे, त्यामुळे बहुतेकांपर्यंत हे ज्ञान कानावाटेच गेलं.

लोक नकला करत गेले आणि पाठ बिघडत गेला. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, पैठणच्या एकनाथांना प्रत शुद्ध करावी लागली. ज्ञानेश्वरीत जो आपली मराठी ओवी घालील त्यानं अमृताच्या ताटात नरोटी म्हणजे करवंटी ठेवली असं समजा, असा दमही त्यांनी भरला. माझ्या मते ही घालघुसड वाईट असली तरी बोलकी आहे. ग्रंथ आपला वाटल्याशिवाय कोणी त्यात स्वतःच्या ओळी घालत नाही.

पण ऐकण्याची मुभा एक आणि सांगण्याचा अधिकार दुसरा. तुकोबांनी 'वेदांचा तो अर्थ आम्हांसीच ठावा' म्हटलं, तेव्हा ऐकणाऱ्यांतलाच एक जण सांगायला उभा राहिला होता. सतराव्या शतकातला खरा तंटा इथला आहे. संत बहिणाबाईंच्या आत्मपर अभंगांत तो घरातच दिसतो. त्या ब्राह्मण, नवरा वेद जाणणारा. बायको शूद्र तुकोबाला गुरू मानते हे त्याला सहन होईना, तो तिला मारहाण करी. कीर्तन ऐकून संतांची पदं तोंडी येणं वेगळं आणि तुकोबांना गुरू करणं वेगळं. बहिणाबाईंनी मात्र दोन्ही केलं, आणि ते अभंगात लिहूनही ठेवलं.