तेरा-शून्य-पंचेचाळीस आणि गारठलेला ड्रम

मंडळी, पत्रिकेत माझ्या नावासमोर ‘क्षारांची विद्रावण एन्थाल्पी’ असं छापलंय, म्हणजे क्षार पाण्यात विरघळताना किती उष्णता घेतो किंवा सोडतो त्याचा हिशोब. ते वाचूनही एवढे लोक आले, म्हणजे एकतर तुम्हाला रसायनशास्त्राची गोडी आहे, नाहीतर नंतरच्या पोह्यांचा वास बाहेरपर्यंत गेलाय. काही का असेना, बसा.

मी सुरुवात मेहुण्यापासून करतो. जालन्याकडं त्याची मोसंबीची बाग आहे. डिसेंबरात एक दिवस सकाळी सहाला त्याचा फोन. “दाजी, आत्ताच्या आत्ता या. दुकानदारानं फसवलं. पोत्यात मीठ भरून दिलंय.” मी मफलर गुंडाळला, स्कूटर काढली. जाऊन बघतो तर निळा दोनशे लिटरचा ड्रम, त्यात हौदातलं पाणी, आणि मेहुणा वेळूच्या काठीनं ढवळतोय. तेरा-शून्य-पंचेचाळीसची पंचवीस किलोची दोन पोती त्यानं एकदम उलटी केली होती. ठिबकमधून एकदाच सोडायचं आणि दुपारी लग्नाला जायचं, असा बेत. तुम्हाला वेगळं सांगायला नको, तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आपल्या जुन्या भाषेतला सोरा. तळाशी पांढरा गाळ बसलेला, काठी त्यात करकर वाजतेय. ठिबकमध्ये खत ओढून घेणारी व्हेंचुरीची नळी तळाला टेकलेली, जाळीचा फिल्टर दोनदा चोंदून झालेला.

“बघा,” म्हणाला, “विरघळतच नाही. चांगलं खत असं करतं का?”

मी ड्रमला हात लावला आणि झटकन काढला. बाहेरून दहिवर धरलेलं, थेंब खाली ओघळत होते. म्हटलं, पाणी बर्फाळ कशानं झालं? तर म्हणे, “थंडी पडलीय ना दाजी.” थंडी होती हो, पण हौदातलं पाणी वीस अंशांच्या खाली नव्हतं. घरून आणलेलं थर्मामीटर ड्रममध्ये बुडवलं तर पारा सहावर!

आता मजा बघा. ज्या दुकानदाराला तो शिव्या घालत होता, त्याच्या बाजूनं साक्ष देत होती ती हीच थंडी. दोनशे लिटरमध्ये पंचवीस किलो मीठ विरघळवलं तर पाणी जेमतेम दोन अंशांनी उतरतं. पंचवीस किलो सोरा विरघळवला तर दहा अंशांनी. पोत्यात मीठ असतं तर ड्रमला घाम फुटलाच नसता. (युरियाची भेसळ असती तर एवढ्यावरून सांगता आलं नसतं, कारण युरियाही पाणी चांगलं गार करतो. युरिया हा क्षार नव्हे, त्यामुळं आज तो आपल्या पंगतीत नाही.)

मग गाळ कशाचा? तो सोराच. तक्त्यात बघाल तर वीस अंशांना शंभर ग्रॅम पाण्यात सुमारे बत्तीस ग्रॅम सोरा मावतो. म्हणजे दोनशे लिटरमध्ये त्रेसष्ट किलो. मेहुण्याचा हिशोब कागदावर बरोबर होता! पण सोरा विरघळता विरघळता पाणी गार करतो, आणि गार पाण्यात सोरा कमी मावतो. पस्तीस किलोच्या आसपास विरघळला तेव्हा पाणी सहा अंशांवर आलं होतं, आणि सहा अंशांना तेवढाच मावतो. तिथं गाडी थांबली. उरलेले पंधरा किलो तळाशी. त्यानं आणखी तासभर काठी फिरवली असती तर दंड भरून आले असते, खत विरघळलं नसतं. मी स्टीलच्या पेल्यात चमचाभर गाळ घेतला, थोडं पाणी घातलं आणि पेला चुलीवरच्या गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवला. दोन मिनिटांत निवळशंख. रेती असती तर बुडाशी राहिली असती. मग त्याला सांगितलं, लग्नाला जाऊन ये, ड्रम उन्हात राहू दे, परत आल्यावर आणखी एका ड्रमात वाटून घे. दुकानदाराची माफी त्यानं अजून मागितलेली नाही, ती आमच्या घरातली वेगळी एन्थाल्पी आहे.

हीच युक्ती अकबराच्या आबदारखान्यात होती. अबुल फजलनं प्रमाणसुद्धा लिहून ठेवलंय: पाच शेर पाण्यात अडीच शेर सोरा, आणि त्यात पिण्याच्या पाण्याची बंद सुरई पाव तास फिरवायची. अडीच शेर म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. पण आबदारानं जास्तीचा सोरा मुद्दाम टाकला, सुरईतून उष्णता आली की तळचा थोडा आणखी विरघळून ती खाऊन टाकतो. माझ्या मेहुण्यानं तेच केलं, फक्त सुरईच्या जागी मोसंबीची बाग.

मागून कुणीतरी विचारतंय, पॉटमधल्या आइस्क्रीमला बर्फात मीठ घालतात ते हेच का? नाही. तिथं मीठ घातल्यावर बर्फ वितळतो, आणि वितळायला लागणारी उष्णता तो पॉटमधून ओढतो. मिठाचा स्वतःचा वाटा किरकोळ.

अध्यक्षांनी चिठ्ठी दिलीय: सात मिनिटं. मुख्य विषय राहिलाच. ठीक आहे, पळतो.

क्षाराच्या खड्यात धन आणि ऋण आयन एकमेकांना घट्ट धरून असतात. ते सगळे सुटे करायला लागते ती लॅटिस एन्थाल्पी, हा खर्च. सुट्या आयनांभोवती पाण्याचे रेणू गोळा होतात तेव्हा उष्णता सुटते ती हायड्रेशन एन्थाल्पी, ही जमा. खर्चातून जमा वजा करा. मिठाचं बघा: एका मोलला खर्च ७८८ किलोजूल, जमा ७८४, तूट चार. सोऱ्याचा खर्च सुमारे ६८५, जमा ६५०, तूट पस्तीस. ही तूट पाण्याच्या खिशातून जाते, म्हणून पाणी गार. सोऱ्याचे दोन्ही आयन थोराड, पाणी त्यांना फार जवळ घेत नाही, जमा कमी पडते. पण एवढ्यावरून नियम करू नका, थोराड आयनांचा खर्चही कमी असतो. आणि दोन मोठे आकडे वजा करताना एकात एक टक्का चूक झाली तरी सात किलोजूल इकडचे तिकडे होतात. म्हणून पस्तीस हा आकडा मापून काढतात, वजाबाकीवर विसंबत नाहीत. एक तक्रार मात्र करणारच: काही पुस्तकं लॅटिस एन्थाल्पी ऋण लिहितात, काही धन, आणि पोरं बिचारी दोन्ही वाचून बेरीज करून येतात.

तूट असून विरघळतं कसं? आयन विखुरण्याचा जोर असतो म्हणून, आणि तापमान वाढलं की तो जोर वाढतो. म्हणून तर शून्य अंशाला सोरा तेरा ग्रॅम मावतो आणि साठला एकशे दहा.

शेवटची चिठ्ठी आली. एकच सांगून उतरतो. कपाशीवर लाल्या दिसला की मॅग्नेशियम सल्फेट फवारता ना? त्याचे खडे पाण्यात टाका, पाणी थोडं गार होतं. तेच खडे जुन्या तव्यावर चांगले भाजा, पाणी उडून पांढरी पूड होईल. ती थंड झाल्यावर चिमूटचिमूट पाण्यात टाका, पेला गरम लागतो. क्षार तोच. खड्यातल्या मॅग्नेशियमला पाण्याचे रेणू आधीच चिकटलेले होते, जमा आधीच उचललेली होती. भाजल्यानं ती परत द्यावी लागली, आता पुन्हा मिळतेय. मी तवा आणलाय, खाली पोह्यांच्या शेगडीशेजारी ठेवलाय. पोहेवाल्या काकूंनी परवानगी दिली तर करून दाखवतो.