चौकटीला टेकलेला फेटा

(दृश्य: कृष्णधवल फोटोचा जवळून घेतलेला शॉट. दारासमोर ताठ उभा असलेला फेटेवाला माणूस.)

निवेदन:
लातूर जिल्ह्यातल्या औसा तालुक्यातलं एक घर. फोटोतले हे आजोबा या घरातल्या आताच्या कर्त्या माणसाचे वडील. फोटो १९६० च्या दशकातला. घरात एक गोष्ट ठरलेली आहे: आजोबा सहा फुटांच्या वर होते. पुरावा म्हणून हा फोटोच दाखवला जातो, कारण त्यात आजोबांच्या फेट्याचं टोक दाराच्या गणेशपट्टीला जवळजवळ टेकलेलं दिसतं.

ते जुनं घर आज नाही. माळवदाचं, दगडमातीच्या जाड भिंतींचं होतं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात ते बसलं. ढिगाऱ्यातून जे धड निघालं त्यात ही सागवानी चौकट होती. पुढे नवीन घर बांधलं तेव्हा तीच चौकट दर्शनी दाराला बसवली.

(दृश्य: नवीन घर. त्याच चौकटीवरून फिरणारा कॅमेरा. नात टेप उघडते आहे.)

नात: काका, टेप उंबरठ्याच्या वरच्या कडेला धरा. वरून नाही, आतून.
काका: धरलाय की. तू वर बघ.

निवेदन:
उंबरठ्याच्या वरच्या कडेपासून गणेशपट्टीच्या खालच्या कडेपर्यंत १६८ सेंटिमीटर. म्हणजे साडेपाच फूट. आजच्या फ्लॅटचं दार साधारण सात फुटांचं असतं. ‘दार म्हणजे सात फूट’ असं घरबसल्या धरून कोणी हा हिशेब केला असता, तर पुढचा प्रत्येक आकडा सव्वा पटीहून जास्त फुगला असता. फोटोतली चौकट मोजपट्टी म्हणून वापरायची, तर ती खरोखर मोजलेली असावी लागते. मराठवाड्यातल्या जुन्या घरांची दारं तर एकाच वाड्यातही वेगवेगळ्या उंचीची सापडतात.

नातीनं चौकटीची आतली रुंदीही घेतली: ८४ सेंटिमीटर. माणसाच्या उंचीशी रुंदीचा काय संबंध, असं काकांनी विचारलंही. संबंध लगेच कळेल.

(दृश्य: लॅपटॉपचा पडदा. स्कॅन केलेला फोटो, त्यावर चौकटीच्या कडा आखलेल्या.)

निवेदन:
फोटो सपाट ठेवून ६०० डीपीआयवर स्कॅन केलाय. मोबाइलनं फोटोचा फोटो काढला असता तर कोन आला असता, आणि कागदाला बाक असेल तर तोही. स्कॅनमध्ये चौकटीची आतली उंची भरते १२६० पिक्सेल, रुंदी ६३०. १२६० ला १६८ नं भागा, साडेसात येतात. ६३० ला ८४ नं भागा, तेही साडेसात. उभ्याआडव्याचं प्रमाण एकच निघालं. याचा अर्थ फोटो कुठे ताणलेला नाही आणि कॅमेरा दाराच्या बरोबर समोर होता. तिरका असता तर रुंदी आखडली असती. फोटोग्राफरनं कॅमेरा वर-खाली कलवला असता तर चौकटीच्या दोन्ही उभ्या कडा एकमेकींकडे झुकल्या असत्या. इथे त्या समांतर आहेत. एवढं जमल्यावरच पुढे जाण्यात अर्थ आहे.

तर, दाराच्या ठिकाणी एक सेंटिमीटर म्हणजे साडेसात पिक्सेल.

‘दाराच्या ठिकाणी’ हे शब्द महत्त्वाचे. कारण आजोबा दारात उभे नाहीत.

(दृश्य: आजोबांची पावलं आणि उंबरठ्याचा पाया. दोन्हींमधलं अंतर लाल रेषेनं दाखवलेलं.)

निवेदन:
पावलं बघा. उंबरठा जिथे ओट्याच्या फरशीला टेकतो, त्याच्या कितीतरी खाली ती आहेत. टाच धरली तर १५९ पिक्सेल खाली. म्हणजे आजोबा दारापासून पुढे, कॅमेऱ्याच्या जवळ उभे आहेत. जवळची वस्तू मोठी दिसते. किती मोठी, तेवढाच आता प्रश्न आहे.

दारापुढे उभ्या माणसाची उंची सांगताना बहुतेक जण फक्त डोकं बघतात. फेटा पट्टीला टेकला, पट्टी सहा फुटांवर, चला, माणूस सहा फुटांचा. दुसरा कोणी पावलापासून फेट्यापर्यंत मोजेल. ते भरतात १५४४ पिक्सेल. साडेसातनं भागले तर २०६ सेंटिमीटर, म्हणजे पावणेसात फूट! एकाच माणसाची, एकाच फोटोतली दोन उत्तरं, आणि त्यांत पाऊण फुटाचा फरक. माणूस दाराच्या रेषेत उभा असता तर दोन्ही उत्तरं जुळली असती. ती जुळत नाहीत, तिथेच ओळखायचं की चौकटीचं माप त्याला सरळ लावता येत नाही.

(दृश्य: ओट्याच्या शहाबादी फरशीचे सांधे. ते एकेक करून रेषांनी लांबवले जातात.)

निवेदन:
वाट काढून दिली ती ओट्यावरच्या शहाबादी फरशीनं. तिचे काही सांधे भिंतीला समांतर आहेत, काही भिंतीकडून सरळ कॅमेऱ्याकडे येतात. आपल्याला दुसरे हवेत. रेल्वेचे रूळ लांब जाऊन एकत्र येताना दिसतात, तसे हे सांधे रेषांनी पुढे वाढवले की फोटोत एका बिंदूत मिळतात. दोन रेषा कुठेतरी मिळणारच. म्हणून नातीनं चार घेतल्या. चारही जवळजवळ एकाच जागी आल्या. लॅपटॉप नसेल तर मोठी प्रिंट काढून त्यावर दोरा ताणला तरी हे जमतं.

त्या बिंदूतून आडवी रेषा काढायची. ही क्षितिजरेषा. इथे तीन बाजूंना भिंती आहेत, क्षितिज कुठलं दिसणार. पण रेषा असतेच, आणि तिचा एक गुण फार कामाचा आहे. ओट्याच्या फरशीपासून कॅमेऱ्याचं भिंग जितक्या उंचीवर असेल, नेमक्या तितक्याच उंचीवर ही रेषा प्रत्येक वस्तूला कापते. वस्तू दोन हातांवर असो की वीस हातांवर. दारालाही तिथेच, माणसालाही तिथेच. फक्त दोघं एकाच फरशीवर उभे पाहिजेत.

(दृश्य: आडवी रेषा दारावरून आणि आजोबांच्या छातीवरून जाते.)

निवेदन:
दारावर ही रेषा उंबरठ्याच्या वरच्या कडेपासून ७६५ पिक्सेलवर येते. साडेसातनं भागले की १०२ सेंटिमीटर. पण हे उंबरठ्यापासून झालं. आपल्याला फरशीपासून हवं, आणि फरशीपासून उंबरठा किती उंच होता हे आज मोजता येत नाही. नवीन घराच्या टाइल्समध्ये उंबरठ्याचा खालचा भाग बुजून गेलाय.

काका: जुना उंबरठा मोठा होता. मी त्याच्यावर बसून जेवायचो.

निवेदन:
काकांची आठवण बरोबर आहे, पण तिचे सेंटिमीटर होत नाहीत. फोटोतून मात्र होतात. उंबरठ्याची दर्शनी बाजू चौकटीच्याच पातळीत आहे, म्हणून तिला साडेसातचं माप चालतं. उंची १३५ पिक्सेल, म्हणजे १८ सेंटिमीटर. १०२ आणि १८ मिळून १२०. कॅमेरा ओट्याच्या फरशीपासून १२० सेंटिमीटरवर होता.

हे पटतं का, तेही बघून घेतलं. फोटोग्राफर खाली अंगणात उभा होता. ओट्याला दोन पायऱ्या होत्या, म्हणजे दीडेक फूट. तो मिळवला तर कॅमेरा अंगणापासून साडेपाच फुटांच्या आसपास येतो. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची. ठीक आहे.

आता आजोबांकडे. तीच रेषा त्यांच्या नेहरू शर्टाच्या तिसऱ्या गुंडीजवळून जाते. टाचेपासून तिथपर्यंत १०५९ पिक्सेल, आणि हे अंतर खऱ्यात १२० सेंटिमीटर आहे. म्हणजे आजोबांच्या जागी एका सेंटिमीटरला ८.८ पिक्सेल, दाराच्या जागी साडेसात होते. फेट्याच्या टोकापर्यंतचे १५४४ पिक्सेल या नव्या मापानं भागले, तर १७५ सेंटिमीटर.

काका: फक्त?
नात: थांबा काका, अजून फेटा उतरवायचाय.

(दृश्य: आजोबांचा चेहरा. डोळे आणि हनुवटी यांवर दोन आडव्या रेषा.)

निवेदन:
फेट्याच्या आत टाळू कुठे आहे, ते दिसत नाही. इथे चित्रकारांचा एक आडाखा वापरता येतो. प्रौढ माणसाच्या हनुवटीपासून टाळूपर्यंतच्या उंचीच्या साधारण मध्यावर डोळे असतात. आजोबांची हनुवटी ते डोळे ९७ पिक्सेल. डोळ्यांच्या वर तेवढंच अंतर घेतलं की टाळू. पावलापासून ती येते १४५६ पिक्सेलवर. ८.८ च्या हिशेबानं १६५ सेंटिमीटर. पाच फूट पाच इंच. फेट्याचा वाटा दहा सेंटिमीटर, चार इंच.

या आकड्यावर किती विसंबायचं? नातीनं प्रत्येक माप मुद्दाम थोडं चुकवून पाहिलं. क्षितिजरेषा वीस पिक्सेल खाली ओढली तर उत्तर अर्ध्याच सेंटिमीटरच्या आसपास हललं. हे अनपेक्षित वाटेल, पण रेषा सरकली की दारावरचं आणि माणसावरचं अंतर दोन्ही एकदमच कमी होतात, आणि चूक बरीचशी कटून जाते. टाच पंधरा पिक्सेल इकडेतिकडे झाली तरी तेवढाच फरक. चौकटीच्या मापाचं तसं नाही. तिथे टेप एक सेंटिमीटर चुकला तर आजोबाही जवळपास एक सेंटिमीटर चुकतात. म्हणूनच काकांना टेप तीनदा धरायला लावला होता.

उरलेली शंका फोटोबाहेरची आहे. डोळ्यांचा आडाखा माणसागणिक थोडा बदलतो. पाठीला किंचित बाक असेल, गुडघा सैल सोडलेला असेल, धोतरात ते कळत नाही. आजोबा अनवाणी आहेत हे बरं, नाहीतर पायताणाची जाडी वजा करावी लागली असती. हे सगळं धरून १६३ ते १६७ सेंटिमीटर असं म्हणता येईल. याहून बारीक आकडा कोणी या फोटोतून सांगितला तर मानू नये.

घरात आजोबांचा आणखी एक फोटो आहे, लग्नातला, याच दाराजवळ. तो कामाचा नाही. पुढे बसलेल्या बायकांमुळे पावलं झाकली गेलीत, आणि आजोबा पार कडेला आहेत, जिथे जुन्या साध्या भिंगातून सरळ खांबही बाकदार आलाय. माणूस फरशीवर नेमका कुठे टेकला हे दिसल्याशिवाय तो दारापासून किती पुढे आहे हे ठरत नाही.

(दृश्य: नात वहीत आकडे लिहिते आहे. काका शेजारी.)

काका: काय लिहिलंस?
नात: पाच फूट पाच इंच. दोन सेंटिमीटर इकडं किंवा तिकडं.
काका: आणि फेटा धरून?
नात: पावणेसहा.
काका: मग पावणेसहा लिही. बिनफेट्याचं त्यांना गावात कुणी बघितलंय?