एकच प्रश्न, दोन भाषा: पर्यायांची काठिण्यपातळी सारखी कशी ठेवायची?

नमस्कार. महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या शिष्यवृत्ती परीक्षेसारखी बहुपर्यायी प्रश्नांची परीक्षा मराठी आणि इंग्रजी या दोन्ही माध्यमांची मुले देतात, तेव्हा दोन्ही प्रश्नपत्रिकांचा अर्थ एकच असला म्हणजे पुरे, असे बरेच प्रश्नकर्ते मानतात. भाषांतर अचूक असूनही एखादा पर्याय एका भाषेत सोपा आणि दुसऱ्या भाषेत अवघड होऊ शकतो. आज आपण असे दोन प्रश्न उलगडून पाहू.

पहिला प्रश्न विज्ञानाचा आहे आणि तो पडद्यावर दिसतो आहे: ‘____ ही पेशीचे ऊर्जाकेंद्र मानली जाते.’ पर्याय आहेत केंद्रक, तंतुकणिका, हरितलवक आणि पेशीद्रव्य. इंग्रजी आवृत्तीत या रिकाम्या जागेत न्यूक्लिअस किंवा मायटोकॉन्ड्रिऑन यांपैकी काहीही व्याकरणदृष्ट्या बसते. मराठीत मात्र ‘ही’ आणि ‘मानली जाते’ या शब्दांनी उत्तर स्त्रीलिंगी आहे हे आधीच सांगून टाकले आहे, आणि चार पर्यायांत स्त्रीलिंगी शब्द एकच आहे. पेशीचा धडा न वाचलेले मूलही येथे गुण मिळवील.

मग प्रश्नकर्ता रिकामी जागा काढून ‘पेशीचे ऊर्जाकेंद्र कशाला म्हणतात?’ असे विचारतो. लिंगाचा सुगावा गेला, पण आता ‘ऊर्जाकेंद्र’ आणि ‘केंद्रक’ हे शब्द एकमेकांजवळ आले, त्यामुळे अर्धवट अभ्यास केलेले मराठी माध्यमाचे मूल केंद्रकाकडे ओढले जाते. इंग्रजीतील पॉवरहाउस आणि न्यूक्लिअस या शब्दांत असे साम्य नाही, म्हणून तेथे तोच चुकीचा पर्याय इतका मोहात पाडत नाही. आधी मराठी मुलांना फुकटचा गुण मिळत होता, आता त्यांच्यासमोर जास्तीचा सापळा आला. आणि दोन्ही वेळा भाषांतरात बोट ठेवायला जागा नव्हती.

माझ्या मते यावर उपाय एकच आहे: इंग्रजी प्रश्न पूर्ण करून मग भाषांतराला न पाठवता दोन्ही आवृत्त्या समोरासमोर ठेवून घडवाव्यात आणि एकीत अडचण आली तर दुसरीही बदलावी. ‘अन्नातील ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात मुख्यतः कोठे आणली जाते?’ असे विचारून केंद्रकात, तंतुकणिकेत, हरितलवकात, पेशीभित्तिकेत असे पर्याय दिले, तर लिंगही उरत नाही आणि शब्दसाम्यही. इंग्रजी प्रश्नातूनही मग पॉवरहाउस हा शब्द काढावा लागतो, कारण तो ठेवला तर त्या मुलांना पाठ केलेली ओळख आयती मिळते.

दुसरा प्रश्न गणिताचा आहे. एका समद्विभुज त्रिकोणाच्या दोन बाजू 4 सेमी आणि 9 सेमी आहेत, तर त्याची परिमिती किती? पर्याय 13, 17, 22 आणि 26 सेमी. पर्याय आकड्यांत असल्यामुळे ते दोन्ही भाषांत सारखेच दिसतात, पण ‘समद्विभुज’ या नावातच दोन भुजा समान असल्याचे लिहिले आहे, तर आयसॉसेलीसचा अर्थ मुलाला आठवावा लागतो. तो आठवला नाही, तर नुसती 4 अधिक 9 अशी बेरीज करून 13 वर खूण होण्याची शक्यता इंग्रजीत वाढते.

आपल्याला व्याख्या तपासायची नसून 4, 4 आणि 9 या बाजूंचा त्रिकोण होतच नाही, म्हणून 17 चूक आणि 22 बरोबर, हे तपासायचे आहे. तेव्हा दोन्ही आवृत्त्यांत ‘ज्या त्रिकोणाच्या दोन बाजू समान लांबीच्या आहेत’ असे सरळ लिहावे.

परीक्षा झाल्यावर दोन माध्यमांच्या बरोबर उत्तरांची टक्केवारी नुसती शेजारी ठेवू नये, कारण एका गटाची तयारीच जास्त असू शकते. एकूण गुण जवळपास सारखे असलेली दोन्ही माध्यमांची मुले घ्यावीत आणि प्रत्येक पर्याय किती जणांनी निवडला ते पाहावे. सारख्या गुणांच्या मुलांत केंद्रकावर मराठीत खुणा बऱ्याच आणि इंग्रजीत मोजक्याच पडल्या असतील, तर संशय प्रश्नावर घ्यावा. अर्थात तो धडा एका माध्यमात नीट शिकवलाच गेला नसेल, तरीही आकडे असेच दिसतात, म्हणून शिक्षकांनाही विचारावे.

एका शाळेच्या दोन तुकड्यांत मात्र ही आकडेमोड फारसे काही सांगत नाही, कारण चारपाच मुलांच्या खुणांनीही चित्र पालटते. तेथे दोन्ही माध्यमांच्या काही मुलांना समोर बसवून ‘हा पर्याय का निवडलास आणि बाकीचे का सोडलेस?’ असे विचारावे. ‘वाक्यात तोच बसतो’ असे उत्तर आले, तर तो प्रश्न पुन्हा लिहावा.