ही जागा रिकामी का झाली?

नमस्कार. संयोजकांनी मला पाऊण तास दिलाय. समोरच्या निम्म्या लोकांच्या गळ्यात अजून आयकार्डं आहेत, म्हणजे तुम्ही हिंजवडीहून थेट इथे आला आहात. नोटीस पिरियड, ऑन-कॉल, अप्रेझल हे तुम्हाला समजावून सांगायला नको. मुलाखतीत बसल्या बसल्या तीन गोष्टी कशा ओळखायच्या, ते मी आज सांगणार आहे: मॅनेजर कसा आहे, काम किती आहे आणि माणसं टिकतात का. पण आधी माझी एक जुनी गोष्ट सांगते, कारण माझा सगळा विचार तिथून सुरू झाला.

२०१४ साली मी नोकरी बदलली. सपोर्टची टीम होती, क्लायंट अमेरिकेतला. मॅनेजर राउंडच्या शेवटी नेहमीचा प्रश्न आला, "तुम्हाला काही विचारायचंय?" मी विचारलं, "टीमचं वातावरण कसं आहे? ताण किती असतो?" ते म्हणाले, "वातावरण एकदम घरच्यासारखं. ताण काय, कधीमधी असतो, तो सगळीकडेच असतो." माझं समाधान झालं. जुन्या ठिकाणी ९० दिवसांची नोटीस भरली आणि रुजू झाले.

पहिल्याच आठवड्यात ऑन-कॉलची शीट हातात आली. साधी एक्सेलची फाइल, दर आठवड्यासमोर एक नाव. वर्षाच्या सुरुवातीला पाच नावं आळीपाळीने येत होती, म्हणजे पाच आठवड्यांतून एकदा फोन उशाशी घेऊन झोपायचं. फाइल खाली सरकवत गेले तशी आधी एक नाव गेलं, मग दुसरं, आणि उरलेली तीनच नावं फिरायला लागली. मग माझं नाव. हँडओव्हरची फाइल उघडली तर पहिल्या पानावर माझ्या आधीच्या दोघांची नावं. दीड वर्षात त्या खुर्चीवर बसणारी मी तिसरी होते. त्यातल्या दुसऱ्याने तिसऱ्या पानापर्यंतच लिहिलं होतं आणि शेवटचं वाक्य होतं, "सर्व्हर रीस्टार्ट करण्याआधी". पुढे काही नाही. पूर्णविरामसुद्धा नाही. महिन्याभरात एका रात्री अडीच वाजता मला नेमकं ते पुढचं वाक्य हवं होतं. क्लायंट कॉलवर थांबलेला, आणि मी त्या अर्ध्या ओळीकडे बघत बसलेली. शेवटी ते काम सोडून गेलेल्या माणसाला झोपेतून उठवलं. त्याने शांतपणे सगळं सांगितलं आणि वर विचारलं, "तुम्हाला पण घरच्यासारखं वातावरण सांगितलं का?"

त्या मॅनेजरांनी मला खोटं सांगितलं असं मी आजही म्हणत नाही. मी मत विचारलं, त्यांनी मत दिलं. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की मुलाखतीत "कसं आहे" विचारू नका, "मागच्या वेळी काय झालं" ते विचारा. मत चटकन बनवता येतं. घडलेली गोष्ट जागच्या जागी रचून सांगायची, तीही तपशिलासकट, हे बहुतेकांना जमत नाही.

म्हणून माझा पहिला प्रश्न असतो: ही जागा नवीन आहे की कुणाच्या जागी? कुणाच्या जागी असेल तर ती व्यक्ती आज कुठे आहे? "आमच्याच दुसऱ्या टीममध्ये गेली, तुम्ही तिच्याशी बोलू शकता," हे उत्तर उत्तम. बढती झाली असेल तर त्याहून चांगलं. "पर्सनल कारणामुळे गेली" हे एकदा ऐकलं तर सोडून द्या, लोकांना खरंच घरच्या अडचणी असतात. पण त्याच्या आधीची व्यक्तीही पर्सनल कारणामुळेच गेली असेल, तर सावध व्हा.

कंपनीचा अॅट्रिशनचा आकडा आम्ही बघितलाय, असं काही जण सांगतात. मोठ्या लिस्टेड आयटी कंपन्या तो तिमाही निकालांबरोबर देतात, बरोबर. पण तो लाखो माणसांचा आकडा असतो. तुम्ही बसणार दहा जणांच्या टीममध्ये. तिथला आकडा तुम्हालाच काढावा लागतो.

तो कसा काढायचा, ते माझ्या भाचीच्या मुलाखतीवरून सांगते. मॅनेजर तिला उत्साहाने म्हणाले, "आमची टीम वाढतेय, आता दहा जण आहोत." तिने विचारलं, "मागच्या वर्षी या सुमारास किती होते?" सहा. "त्या सहांपैकी आज किती आहेत?" जरा वेळ गेला. दोन. म्हणजे बघा, टीम सहाची दहा झाली हे खरं, आणि सहांतले चार जण वर्षात गेले हेही तितकंच खरं. आठ जण नवे, आणि जुनं काम माहीत असलेले फक्त दोघं. ते दोघं आठांना शिकवणार कधी आणि स्वतःचं काम करणार कधी? पण भाची तिथेच थांबली नाही, हे मला फार आवडलं. तिने विचारलं, "ते चौघं साधारण एकाच वेळी गेले का?" तेव्हा कळलं की तिघांनी अप्रेझलच्या पत्रांनंतर महिन्याभरात पेपर टाकले होते. आता कारण पगाराकडे किंवा रेटिंगकडे बोट दाखवत होतं, रात्रीच्या कॉल्सकडे नाही. तिला पगार चांगला मिळत होता, पण पुढच्या एप्रिलमध्ये रेटिंग देणारे हेच मॅनेजर होते. तिने नकार दिला.

संयोजकांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. म्हणजे कामाचा ताण आणि मॅनेजर हे दोन्ही आता भरभर सांगावं लागणार.

कामासाठी विचारा: मागच्या महिन्यात ऑन-कॉलवाल्याला रात्री किती वेळा उठावं लागलं, आणि दुसऱ्या दिवशी तो किती वाजता आला? आकडा मोठा असला तरी दुसऱ्या दिवशी त्याला उशिरा यायची मुभा असेल, तर ती टीम माणसांची काळजी घेते. "मोजलं नाही" हे उत्तर मला मोठ्या आकड्यापेक्षा वाईट वाटतं. रोट्यात आज किती नावं आहेत हेही विचारा, मंजूर जागा किती ते नाही.

मॅनेजरसाठी विचारा: तुमच्या हाताखालच्या कुणाला शेवटची बढती मिळाली आणि तिच्यासाठी तुम्ही काय केलं? चांगला मॅनेजर नाव न घेता त्या माणसाच्या कामाबद्दल भरभरून बोलतो. जो फक्त प्रोसेस सांगतो, त्याला एकदा आठवायला वेळ द्या आणि पुन्हा विचारा. मॅनेजर नवीन असेल तर हा प्रश्न अन्यायाचा आहे, मग आधीच्या टीमबद्दल विचारा.

एक मोठी अडचण सांगायची राहिली. सर्व्हिस कंपनीत मुलाखत घेणारा बऱ्याचदा दुसऱ्याच प्रोजेक्टचा असतो, आणि तुमचा मॅनेजर रुजू झाल्यावर ठरतो. तिथे हे प्रश्न पॅनेलला विचारून उपयोग नाही. ऑफर आली की एचआरला सांगा, प्रोजेक्ट आणि रिपोर्टिंग मॅनेजर ठरला असेल तर त्यांच्याशी आणि टीममधल्या एकाशी वीस मिनिटं बोलायचंय. टीममधल्याला तेच प्रश्न विचारा जे मॅनेजरला विचारलेत, आणि उत्तरं शेजारी शेजारी लिहा. मॅनेजर म्हणतो रात्री एकदा उठावं लागलं आणि तो म्हणतो आठवड्याला तीनदा, तर तुम्हाला हवं ते कळलं. आणि हे सगळं सध्याच्या ठिकाणी पेपर टाकायच्या आधी करा. एकदा ते ९० दिवस सुरू झाले की परत फिरणं तुमच्या हातात राहत नाही.

आता प्रश्न घेते. मागच्या रांगेतल्या ताई, बोला.