पाणी गर्दीच्या कार्बनकडे का वळतं?

मित्रहो, फळ्यावर १-मिथिलसायक्लोहेक्झीन काढलंय. सहा कार्बनांचं कडं, त्यात एक दुहेरी बंध. त्या बंधाच्या एका टोकाला मिथिल गट आहे, दुसऱ्या टोकाला नुसता हायड्रोजन. यावर पाण्याच्या साक्षीने ब्रोमीन सोडलं तर ब्रोमोहायड्रिन मिळतं, म्हणजे शेजारशेजारच्या दोन कार्बनांपैकी एकावर ब्रोमीन आणि दुसऱ्यावर OH. आज एवढंच बघायचं, की OH कोणत्या कार्बनवर बसतो आणि कोणत्या बाजूने येऊन बसतो. हे दोन प्रश्न वेगळे आहेत. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत त्यांची सरमिसळ झाली की बाकी सगळं बरोबर असूनही उत्तर चुकतं.

आधी क्रम बघू. दुहेरी बंधातले इलेक्ट्रॉन ब्रोमीनच्या रेणूतल्या एका अणूकडे सरकतात, दुसरा अणू ब्रोमाइड होऊन निघून जातो. आत आलेला ब्रोमीन एकाच कार्बनला न धरता दोघांनाही धरतो. या तीन अणूंच्या धनप्रभारित कड्याला ब्रोमोनियम आयन म्हणतात. ही कल्पना रॉबर्ट्स आणि किंबॉल यांनी १९३७ मध्ये मांडली. ब्रोमीन नेहमी दोन विरुद्ध बाजूंनीच का जोडला जातो, हे त्यांना समजावून सांगायचं होतं. पुढे १९६९ मध्ये विनबर्ग यांच्या गटाने अ‍ॅडमँटिलिडीनअ‍ॅडमँटेन या अल्कीनवर ब्रोमीन सोडलं आणि अभिक्रिया ब्रोमोनियमपाशीच थांबली. त्या रेणूत दुहेरी बंधाच्या दोन्ही टोकांना पिंजऱ्यासारखे अवजड गट आहेत, त्यामुळे मागून कोणालाच आत शिरता येत नाही. आयन तसाच लवणाच्या रूपात हाती लागला. म्हणजे ब्रोमोनियम ही फक्त कागदावरची सोय नाही.

आता पाणी. एक गैरसमज आधीच दूर करतो. हल्ला हायड्रॉक्साइड करत नाही. या मिश्रणात हायड्रॉक्साइड जवळपास नसतोच. पाण्याचा रेणू स्वतःच ऑक्सिजनवरच्या इलेक्ट्रॉनांनी कार्बनला धरतो आणि नंतर एक प्रोटॉन सोडून देतो. जाता जाता ब्रोमाइडही तेच करू पाहतो. तो जिंकला तर डायब्रोमाइड मिळतं. म्हणून पाणी भरपूर ठेवायचं आणि ब्रोमाइड साठू द्यायचा नाही. प्रयोगशाळेत त्यासाठी सुटं ब्रोमीन न वापरता एन-ब्रोमोसक्सिनिमाइड म्हणजेच एनबीएस वापरतात. त्यातून ब्रोमीन लागेल तसा मिळतो आणि ब्रोमाइडचा साठा वाढत नाही.

एक प्रमाण डोळ्यांसमोर ठेवू. ०.९६ ग्रॅम अल्कीन, म्हणजे १० मिलीमोल, २० मिली टीएचएफ हा द्रावक आणि १० मिली पाणी यांच्या मिश्रणात घेतलं. बर्फात थंड करून त्यात १.९६ ग्रॅम एनबीएस, म्हणजे ११ मिलीमोल, थोडं थोडं टाकलं. १० मिली पाण्यात साधारण ५५५ मिलीमोल पाणी असतं, म्हणजे अल्कीनच्या पंचावन्नपट. टीएचएफ इथे फक्त तेलकट अल्कीन आणि पाणी यांना एकत्र आणायला आहे. ते कमी पडलं तर दोन थर वेगळे होतात, ब्रोमोनियम तेलकट थरात तयार होतो, तिथे पाणी नसतं आणि डायब्रोमाइड वाढतं. शेवटी उरलेला ब्रोमीन सोडियम थायोसल्फेटने संपवायचा. पदार्थ वेगळा करताना फार तापवायचं नाही, कारण तृतीयक अल्कोहोल आणि शेजारी ब्रोमीन असा रेणू उष्णतेत टिकत नाही.

आता मुख्य प्रश्न. दोन कार्बनांपैकी एकावर मिथिल आहे, तो गर्दीचा. दुसऱ्यावर फक्त हायड्रोजन, तो मोकळा. एसएन-२ शिकलेला विद्यार्थी लगेच सांगतो, की हल्ला मागून होतो म्हणजे मोकळ्या कार्बनवर होणार. प्रत्यक्षात OH मिथिलच्या कार्बनवर बसतो. पाठ्यपुस्तकांतल्या आकृत्यांनी इथे मोठा गोंधळ घातलाय असं माझं स्पष्ट मत आहे. त्या आकृतीत ब्रोमीन वर, दोन कार्बन खाली, दोन्ही बंध सारख्याच लांबीचे. दुहेरी बंधाची दोन टोकं सारखी असतील तेव्हाच हे चित्र खरं. टोकं वेगळी असली की त्रिकोण एका बाजूला कलतो.

का कलतो? ब्रोमोनियमवर धनप्रभार आहे आणि तो सगळा ब्रोमीनवर थांबत नाही, काही भाग दोन्ही कार्बनांवर येतो. आपल्या रेणूत मिथिलवाला कार्बन कड्यातल्या आणखी दोन कार्बनांनाही जोडलेला आहे. आजूबाजूचे हे तीन गट इलेक्ट्रॉन सरकवून धनप्रभार सुसह्य करतात. म्हणून ब्रोमीनकडचा त्याचा बंध लांब आणि ढिला होतो आणि त्या कार्बनवर जास्त प्रभार येतो. पाणी आत येण्याच्या क्षणी हा बंध आधीच अर्धा सुटलेला असतो. गर्दी आहेच, पण बंध लांब असल्यामुळे पाण्याला तिथे शिरायला जागाही मिळते. नेहमीच्या एसएन-२ मध्ये कार्बनवर एवढा प्रभार साचत नाही, म्हणून तिथे गर्दीचं पारडं जड होतं. इथे प्रभाराचं जड होतं.

पण बंध अर्धा सुटला म्हणजे पूर्ण सुटला असं नाही. ब्रोमीनने वरची बाजू अजून अडवून ठेवलेली असते, त्यामुळे पाण्याला खालूनच यावं लागतं. तयार होतं ते ट्रान्स-२-ब्रोमो-१-मिथिलसायक्लोहेक्झॅनॉल. OH आणि ब्रोमीन कड्याच्या विरुद्ध बाजूंना. ब्रोमीन सुरुवातीला वरून किंवा खालून कुठूनही बसू शकतो, त्यामुळे दोन्ही प्रतिबिंबरूपं समप्रमाणात मिळतात. थोडक्यात, कोणत्या कार्बनवर हे प्रभार ठरवतो आणि कोणत्या बाजूने हे ब्रोमीन ठरवतो.

हे खरंच असं झालं की नाही, ते कसं कळायचं? इथे सावध राहायला हवं. बरेच जण मिळालेल्या ब्रोमोहायड्रिनवर सोडियम हायड्रॉक्साइड टाकतात, एपॉक्साइड मिळालं की समाधान मानतात. पण OH मिथिलच्या कार्बनवर असो वा शेजारच्या, एपॉक्साइड तेच मिळतं, कारण ऑक्सिजन शेवटी दोन्ही कार्बनांना जोडला जातो. म्हणजे 'कुठे' या प्रश्नाबद्दल ही चाचणी काहीच बोलत नाही. 'कोणत्या बाजूने' याबद्दल मात्र बोलते. ऑक्सिजनला ब्रोमीन मागून ढकलायचा असतो, आणि ते दोघं विरुद्ध बाजूंना असतील तरच ते जमतं. एकाच बाजूला असते तर सरळ एपॉक्साइड न होता कीटोनसारखे पदार्थ मिळाले असते.

'कुठे'साठी प्रोटॉन एनएमआर घ्या. मिथिल OHवाल्या कार्बनवर असेल तर त्याचं शिखर १.३ ते १.४ पीपीएमच्या आसपास येतं. ब्रोमीनवाल्या कार्बनवर असेल तर ते १.८ च्या जवळ सरकतं. हा फरक नजरेत भरतो. यंत्र हाताशी नसेल तर क्रोमिक आम्लाची जुनी चाचणी आहेच. द्वितीयक अल्कोहोल असेल तर नारिंगी रंग काही क्षणांत हिरवा होतो, तृतीयक अल्कोहोल असेल तर नारिंगीच राहतो. फक्त नमुना शुद्ध हवा. न संपलेलं अल्कीन मागे राहिलं असेल तर तेही रंग बदलवतं आणि आपण फसतो.

आता हा कल वाढवत नेला तर काय होतं ते बघा. दुहेरी बंधाच्या टोकाला बेंझीनचं कडं असेल, स्टायरीनसारखं, तर धनप्रभार कड्यात पसरतो आणि त्या टोकाचा बंध आणखी ढिला होतो. OH पूर्णपणे बेंझीनशेजारच्या कार्बनवर जातो. त्याच कड्यावर पॅरा जागी मेथॉक्सी गट लावला तर तो इतके इलेक्ट्रॉन देतो की ब्रोमीनकडचा बंध जवळपास सुटतोच, मधला आयन उघड्या कार्बोकॅटायनसारखा वागतो. अशा अल्कीनच्या दुसऱ्या टोकावर मिथिल असेल, म्हणजे अ‍ॅनेथोल असेल, तर पाणी दोन्ही बाजूंनी येऊ शकतं आणि दोन्ही अवकाशरूपांचं मिश्रण मिळतं. 'कुठे'चं उत्तर जास्त ठाम होतं आणि 'कोणत्या बाजूने'चं उत्तर हातातून निसटतं. दोन्ही गोष्टी एकाच ढिल्या बंधातून येतात.

उलट दिशेलाही जाता येतं. प्रोपीनवर क्लोरीन आणि पाण्याची अभिक्रिया केली तर सुमारे ९० टक्के १-क्लोरो-२-प्रोपॅनॉल मिळतं आणि १० टक्के त्याचा जोडीदार. नियमाप्रमाणे OH मधल्या कार्बनवर. आता प्रोपीनच्या मिथिलमधला एक हायड्रोजन काढून तिथे क्लोरीन बसवा. हे अ‍ॅलिल क्लोराइड. दुहेरी बंध तोच, मधला कार्बन तसाच द्वितीयक. तरी निकाल फिरतो. सुमारे ७० टक्के २,३-डायक्लोरो-१-प्रोपॅनॉल मिळतं, म्हणजे OH टोकाच्या कार्बनवर, आणि ३० टक्के १,३-डायक्लोरो-२-प्रोपॅनॉल. शेजारचा CH2Cl गट इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढतो, त्यामुळे मधल्या कार्बनला धनप्रभार पेलणं महाग पडतं. प्रभाराचा आधार गेला की गर्दीचा मुद्दा पुन्हा पुढे येतो आणि पाणी मोकळ्या टोकाला जातं. 'OH जास्त गट असलेल्या कार्बनवर' एवढंच पाठ केलेल्याचं उत्तर इथे चुकतं. त्या गटांनी प्रभाराला हातभार लावला की अडथळा केला, हे बघणाऱ्याचं बरोबर येतं.

कारखान्यात या दोन्ही अभिक्रिया मोठ्या प्रमाणावर चालत आल्या आहेत, पहिली प्रोपिलीन ऑक्साइडसाठी, दुसरी एपिक्लोरोहायड्रिनसाठी. तिथेही क्लोराइड साठून डायक्लोराइड किंवा ट्रायक्लोरोप्रोपेन वाढू नये म्हणून द्रावण खूप पातळ ठेवावं लागतं, आणि त्यामुळे सांडपाणी प्रचंड निघतं. मिश्रण वेगळं करायची मात्र गरज पडत नाही, कारण चुन्याच्या पाण्याने दोन्ही डायक्लोरोप्रोपॅनॉलांपासून तेच एपिक्लोरोहायड्रिन मिळतं. फरक पडतो तो वेगात. १,३ रूप झटकन कडं बंद करतं, २,३ रूप त्यामानाने खूप हळू. ७० टक्के मिश्रण या हळू रूपाचं असल्यामुळे पदार्थ अभिक्रियापात्रात जास्त वेळ ठेवावा लागतो. आणि जास्त वेळ ठेवला तर तयार झालेलं एपिक्लोरोहायड्रिनच पाण्याशी अभिक्रिया करून वाया जायला लागतं, म्हणून ते होता होताच वाफेने बाहेर काढून घेतात.