आधी छटा, मग डीपीआय

(स्कॅनिंगवरील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

स्कॅनरच्या सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी विचारल्या जातात: रिझोल्यूशन किती, म्हणजे इंचामागे ठिपके किंवा डीपीआय किती, आणि रंगाचा मोड कोणता. बहुतेक जण दुसऱ्या रकान्याकडे बघतच नाहीत. तिथं आधीच Color निवडलेलं असतं, ते तसंच राहतं. मग फाइल मोठी झाली की डीपीआय कमी करायचा, अक्षर फुटलं की पुन्हा वाढवायचा, असा खेळ सुरू होतो. माझं म्हणणं असं, की हा क्रम उलटा करा. पानावर किती छटा जपायच्या आहेत ते आधी ठरवा. डीपीआय किती परवडेल हे त्यावरच ठरतं.

थोडा हिशेब करू. ए-४ कागद ८.२७ बाय ११.६९ इंचांचा. ३०० डीपीआयला स्कॅन केला की २४८० बाय ३५०८, म्हणजे साधारण ८७ लाख ठिपके होतात. रंगीत मोडमध्ये प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट लागतात; पानाचे झाले २६ एमबी. राखाडी छटांच्या Grayscale मध्ये ठिपक्याला एकच बाइट, म्हणजे ८.७ एमबी. आणि निव्वळ काळा-पांढरा मोड घेतला, तर एका बाइटमध्ये आठ ठिपके मावतात, पान १.१ एमबीवर येतं. म्हणजे डीपीआयला हातही न लावता कच्ची माहिती चोविसाव्या भागावर आली. या काळ्या-पांढऱ्या मोडला कुठं Black & White म्हणतात, कुठं Lineart, तर कुठं Text. नाव काहीही असो. प्रिव्ह्यू मोठा करून बघा. राखाडी ठिपका एकही नसेल, तर हाच तो मोड.

हे आकडे कच्चे आहेत. फाइलमध्ये जाण्यापूर्वी त्यांचं कॉम्प्रेशन होतं, आणि खरा फरक तिथंच पडतो. रंगीत आणि ग्रेस्केल पानांवर सहसा जेपेग लावतात. जेपेग चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनातले बारीक चढउतार कमी करून जागा वाचवतं. फोटोत ते खपून जातं, कारण तिथं छटा हळूहळू बदलतात. अक्षराची कड मात्र एका ठिपक्यात काळ्याची पांढरी होते. तिथं जेपेग अडखळतं आणि अक्षराभोवती राखाडी धुरळा उठतो. शिवाय कागद कधीच शुभ्र नसतो. त्याचा पिवळसरपणा आणि पोत जपण्यातही बाइट जातात.

काळ्या-पांढऱ्या पानांसाठी सीसीआयटीटी ग्रुप ४ ही पद्धत वापरतात. ती काहीही गाळत नाही. वरच्या ओळीच्या तुलनेत काळं-पांढरं कुठं बदललं, एवढंच ती नोंदवते. याचा एक फायदा फारसा कुणी लक्षात घेत नाही. डीपीआय दुप्पट केला की ठिपके चौपट होतात, पण अक्षरांच्या कडांची ठिपक्यांत मोजलेली लांबी दुपटीच्याच आसपास वाढते. त्यामुळे टंकलिखित पानाची ग्रुप ४ फाइल ३०० वरून ६०० ला जाताना चौपट न होता साधारण दुप्पट होते. म्हणून मजकुराचं पान ६०० डीपीआय काळ्या-पांढऱ्यात स्कॅन केलं, तर ते २०० डीपीआय रंगीत पानापेक्षा लहानही निघू शकतं आणि छपाईत स्पष्टही.

काळ्या-पांढऱ्या मोडला मात्र जास्त डीपीआय द्यावाच लागतो. ग्रेस्केलमध्ये कडेवरचा ठिपका ‘मी चाळीस टक्के काळा’ असं सांगू शकतो, त्यामुळे कड नेमकी कुठं आहे याचा अंदाज डोळ्यांना येतो. काळ्या-पांढऱ्यात ठिपक्याला हो किंवा नाही एवढंच म्हणता येतं. त्यामुळे २०० डीपीआयचं ग्रेस्केल पान वाचायला बरं वाटतं, पण २०० डीपीआयचं काळं-पांढरं पान दातेरी दिसतं. या मोडमध्ये ३०० ही खालची मर्यादा समजा. बारीक टाइप असेल तर ४०० किंवा ६०० घ्या.

देवनागरीसाठी हा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ या जोड्या बघा. शिरोरेषेतली छोटीशी फट हा त्यांच्यातला मोठा आधार. दहा पॉइंटच्या छपाईत ती फट अर्धा मिलिमीटरसुद्धा नसते. १५० डीपीआयला एक ठिपका ०.१७ मिलिमीटरचा, म्हणजे फट जेमतेम दोन-तीन ठिपक्यांची. शाई जरा पसरली असेल तर ती बुजते आणि ‘धन’चं ‘घन’ होतं. अनुस्वाराचंही तेच: एक तर तो शिरोरेषेला चिकटतो, नाहीतर धुळीचा कण समजून ‘डाग काढा’ हा पर्याय त्याला पुसून टाकतो. ३०० ला ठिपका ०.०८५ मिलिमीटरचा होतो आणि फट मोकळी राहते. स्कॅनवरून मजकूर ओळखून घ्यायचा असेल, तरी ३०० च्या खाली उतरू नका.

या मोडमध्ये आणखी एक कळ असते: थ्रेशोल्ड. प्रत्येक ठिपक्याची उजळता ० ते २५५ मध्ये मोजली जाते. थ्रेशोल्डच्या खाली असेल तो काळा, वर असेल तो पांढरा. सुरुवातीला तो बहुधा मध्यावर, १२८ च्या आसपास असतो. काही सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ब्राइटनेसची पट्टी करते. थ्रेशोल्ड वाढवला की अक्षरं जाड होतात, ‘थ’ आणि ‘क्ष’ यांची पोटं भरून येतात, मागच्या बाजूची छपाईही डोकावू लागते. कमी केला की वेलांट्या आणि रफार तुटतात. चाचणी गठ्ठ्यातल्या पहिल्या पानावर घेऊ नका. सर्वांत फिकट पान शोधून त्यावर घ्या. पाठपोट छापलेल्या पातळ कागदामागे काळा कागद ठेवला, तर मागची अक्षरं बरीच दबतात. त्यानं सगळा कागद थोडा काळपट दिसतो, पण थ्रेशोल्ड जरा खाली आणला की तो पांढरा होतो.

कागद सरळ ठेवा, हे सगळेच सांगतात. इथं त्याला एक खास कारण आहे. पान एका अंशानं जरी तिरपं असलं, तरी शिरोरेषेत दर ५७ ठिपक्यांमागे एक पायरी पडते. काळ्या-पांढऱ्या चित्राला नंतर सॉफ्टवेअरनं फिरवलं तर कडा आणखी खडबडीत होतात. पान काचेच्या कडेला नीट लावून पुन्हा स्कॅन करणं बरं.

आता एक बारा पानी करार घेऊ. फाइल २ एमबीच्या आत हवी आहे. पहिली दहा पानं निव्वळ टंकलिखित. अकराव्या पानावर राखाडी पट्ट्यांचा तक्ता, आकडे आठ पॉइंटचे. बाराव्या पानावर निळ्या शाईच्या सह्या, जांभळा शिक्का आणि एक छोटा फोटो.

सगळं ३०० डीपीआय रंगीतमध्ये घेतलं आणि जेपेगनं पान साधारण ९०० केबीचं झालं, तर बारा पानांचे जवळपास ११ एमबी होतात. मग लोक पीडीएफ लहान करणारं एखादं साधन वापरतात. ते डीपीआय खाली आणतं आणि जेपेग आणखी दाबतं. फाइल २ एमबीत बसते, पण तक्त्यातले ३ आणि ८ सारखेच दिसायला लागतात. आणि हा धुरळा एकदा बसला की मागाहून पान काळं-पांढरं करूनही तो जात नाही. अक्षरांभोवती मिरपुडीसारखे ठिपके उरतात.

त्याऐवजी गठ्ठ्याचे तीन भाग करा. पहिली दहा पानं काळी-पांढरी, ४०० डीपीआयवर. अशा पानाचे साधारण ७० केबी धरले, तर ७०० केबी झाले. अकरावं पान काळ्या-पांढऱ्यात घेऊ नका. छापलेली राखाडी पट्टी मुळात बारीक ठिपक्यांची बनलेली असते. थ्रेशोल्डमधून ती एक तर काळी ठप्प होते, नाहीतर हजारो सुटे ठिपके होऊन ग्रुप ४ ची फाइल फुगवते. ते ३०० डीपीआय ग्रेस्केलमध्ये घ्या, ४५० केबी धरा. बारावं पान रंगीत, पण २०० डीपीआय पुरे: शिक्क्याचा रंग आणि सहीचा ओघ दिसायला हवा, तो त्यात दिसतो. ते ४०० केबीचं. एकूण साडेपंधराशे केबी. तुमच्या कागदावर आणि यंत्रावर आकडे मागेपुढे होतील, पण अंतर किती मोठं आहे ते बघा.

रंगीत आणि ग्रेस्केल पानांसाठी अजून एक करा. प्रिव्ह्यूमध्ये हिस्टोग्राम, म्हणजे कोणत्या उजळतेचे किती ठिपके आहेत याचा आलेख, दिसत असेल, तर उजव्या बाजूची टेकडी कागदाची असते; पांढऱ्याची खूण तिच्या डावीकडच्या पायथ्याशी आणा. कागद शुभ्र होतो, त्याचा पोत नाहीसा होतो आणि जेपेगला जपायला कमी उरतं. फार पुढे मात्र ढकलू नका. पेन्सिलीची टिपणं आणि शिक्क्याची फिकट कड त्याबरोबरच जाते.

ज्यांच्या स्कॅनरला लिनक्सवर सेन हे स्कॅनर चालवणारं सॉफ्टवेअर चालतं, त्यांना हे आदेशानंही करता येईल. मोडची नावं यंत्रागणिक बदलतात, `scanimage -A` ती दाखवतं.

```
scanimage --mode Lineart --resolution 400 --format=tiff > p01.tif
scanimage --mode Gray --resolution 300 --format=tiff > p11.tif
img2pdf p01.tif -o p01.pdf
```

img2pdf काळ्या-पांढऱ्या चित्राला स्वतःहून ग्रुप ४ लावतं. ग्रे आणि रंगीत पानं मात्र आधी जेपेग करून मगच त्याला द्या. नाहीतर ती काहीही न गाळता भरली जातात आणि एकेक पान काही एमबींचं होतं.

कॉम्प्रेशनच्या यादीत जेबीआयजी२ दिसलं तर जरा सावध राहा. त्याचा काहीही न गाळणारा प्रकार चांगला आहे. गाळणारा प्रकार मात्र एकसारखे दिसणारे आकार एकच समजून त्यांची अदलाबदल करू शकतो. २०१३ साली जर्मन संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी झेरॉक्सच्या काही यंत्रांत ६ च्या जागी ८ छापला जात असल्याचं दाखवून दिलं, ते याच कारणानं. अक्षर धूसर असेल तर आपण शंका तरी घेतो. इथं चुकीचा आकडा अगदी ठळक दिसतो. आकड्यांच्या कागदांना हा प्रकार लावू नका.

हाती आलेल्या फाइलमध्ये नेमकं काय आहे, हेही तपासता येतं.

```
pdfimages -list karar.pdf
```

यात bpc च्या रकान्यात १ आणि enc मध्ये ccitt दिसलं, तर पान खरंच काळं-पांढरं आहे. Black & White निवडूनही तिथं ८ आणि jpeg आलं, तर सॉफ्टवेअरनं ग्रेस्केलच दिलंय. x-ppi च्या रकान्यात ४०० ऐवजी १५० दिसलं, तर पीडीएफ सेव्ह करताना कुठंतरी ‘लहान फाइल’ची खूण राहून गेली आहे, ती काढा आणि पान पुन्हा स्कॅन करा.