सतरावं अक्षर

नमस्कार श्रोतेहो. हाताशी कागद-पेन्सिल असेल तर घ्या. आज आपण एक लांब वाक्य मोडणार आहोत आणि त्याच अक्षरांचं दुसरं वाक्य जुळवणार आहोत. प्रत्येक अक्षर एकदाच वापरायचं आणि एकही उरता कामा नये. पुन्हा सांगतो: एकदाच वापरायचं, आणि एकही उरता कामा नये.

पण मराठीत अक्षर धरायचं कशाला, हे आधी ठरवावं लागतं. मी काना-मात्रेसकट अख्खं अक्षर धरतो. म्हणजे 'व' वेगळा आणि 'वा' वेगळा, आणि जोडाक्षर असेल तर ते अख्खं एक. काही जण काना, वेलांटी सुटी करून खेळतात. त्यात शब्द पुष्कळ मिळतात, पण 'मार्केट'मधल्या रफारात एक 'र' लपलाय हे मोजताना हमखास विसरायला होतं. काहीही ठरवा, फक्त सुरू करण्याआधी ठरवा. अर्ध्यात नियम बदलला की खेळ संपला.

आता माझ्या आत्याची गोष्ट. ठाण्यात नौपाड्यात आमचं जुनं घर होतं. आत्या आणि तिचा धाकटा भाऊ, म्हणजे आमचे आप्पाकाका, तिथे राहायचे. आप्पाकाकांना डॉक्टरांनी तळलेलं आणि गोड बंद केलं होतं. पण संध्याकाळी तलावपाळीला फेरी मारायला गेले की त्यांचा पाय हटकून गाडीपाशी थांबायचा. एकदा फोनवर मित्राला खुशीत सांगताना आत्यानं त्यांना ऐकलं. काय खाल्लं, काय प्यायलं, सगळी यादी. ती काही बोलली नाही. दोन दिवसांनी आम्हा मुलांना तिनं एक चिठ्ठी दिली. म्हणाली, "आप्पाचं बोलणं आहे हे, थोडं मी नीटनेटकं केलंय. माझं उत्तर यातच आहे. शोधा."

चिठ्ठीत होतं: "परवा भजी-वडा, आज चहा-सरबत, राव!"

लिहून घ्या. परवा, भजी, वडा, आज, चहा, सरबत, राव. अक्षरं सतरा.

आम्ही जुन्या लग्नपत्रिका कापून सतरा पत्ते केले आणि जमिनीवर मांडले. (सरबत म्हणजे कोकमाचं, वर भाजलेल्या जिऱ्याची पूड घातलेलं. कोकमात सोडा ओतून देतात हल्ली. माझं स्पष्ट मत आहे, त्यानं कोकमाची चव मरते.) तर पत्ते. सतरा पत्ते ओळीनं लावायच्या रीती 88 लाख कोटींहून जास्त आहेत, तेव्हा नुसते हलवत बसून काही होत नाही. जी अक्षरं फार कुणाशी जमत नाहीत, ती आधी उचलायची. 'भ' घ्या. 'भ'ला शेजारी कोण चालेल? माझ्या धाकट्या बहिणीनं 'जी' अलीकडे सरकवला आणि ओरडली, "जीभ!" भजीची जीभ झाली. मग 'हा' आणि 'च' उलटले, चहाचा 'हाच' झाला. वडा उलटला, 'डाव' झाला. हाच डाव! उरलेल्यांतून 'आवर' निघाला, 'जरा' निघाला. जीभ आवर जरा! आम्ही अक्षरशः नाचलो.

खाली राहिले पाच पत्ते: प, र, वा, स, ब. मी लावलं, "बस वापर". तलावपाळीला चालत गेलं की वाटेत गाड्या लागतात, म्हणून आत्या बसनं जा म्हणतेय, असा आम्ही अर्थ काढला. "हाच डाव! जीभ आवर जरा, बस वापर!" पळत आत्याकडे गेलो.

तिनं वाचलंसुद्धा नाही. बोटानं पत्ते मोजले. "सोळा आहेत. सतरावं कुठंय?"

पंख्याच्या वाऱ्यानं एक पत्ता उडून पाटाखाली गेला होता. तो 'त' होता. आम्ही तो आणून 'वापर'च्या शेपटीला लावला. बस वापरत. वापरत काय? कोण? जीभ? अर्थ लागेना. पण 'वापर' मोडवेना, कारण तो शब्द आम्हाला सापडला होता आणि सापडलेला शब्द हातातून सोडायला जड जातं. आत्या म्हणाली, "एक अक्षर उरलं की शेवटी चिकटवायचं नसतं. जुळलेलं मोडायचं." मोडलं. 'त'ला 'पर' जोडला: परत. 'बस' राहिलं, पण आता गाडीचं नाही, पुरे अशा अर्थाचं. आणि एकटा 'वा' सुरुवातीला गेला.

"वा! परत हाच डाव? बस! जीभ आवर जरा."

हे वाक्यही लिहा आणि वरच्या ओळीतलं एकेक अक्षर खोडत जा. 'र' दोन, 'व' दोन, बाकी सगळी एकेक. सतरा आणि सतरा.

संध्याकाळी आप्पाकाका फिरून आले तेव्हा ओळ जमिनीवर तशीच होती. त्यांनी उभ्यानं वाचली. मग वाकून 'जीभ'चे दोन पत्ते उलटवले, परत 'भजी' केली, आणि न बोलता हात धुवायला गेले. त्या रात्री मुगाची खिचडी होती.

आत्याला ते कसं सुचलं, हे मी नंतर विचारलं. ती चिठ्ठीपासून सुरू झालीच नव्हती. भजी-जीभ, चहा-हाच, वडा-डाव या तीन जोड्या तिला आधी दिसल्या. मग तिनं दोन्ही वाक्यं एकदम वाढवली. इकडे शब्द घातला की तिकडे त्याची अक्षरं खपायला हवीत. आज आणि सरबत आप्पांच्याच तोंडचे होते. 'राव' मात्र तिनं घातला, कारण 'जरा'ला 'रा' हवा होता आणि 'व' एक कमी पडत होता. नीट पाहिलंत तर ते ठिगळ दिसतं. अशा वाक्यात 'राव', 'बरं', 'वा' असला सुटा शब्द टोकाला आला की तिथे शिलाई आहे असं समजावं.

ठिगळ गॅलिलिओलाही लावावं लागलं. डिसेंबर 1610 मध्ये त्यानं एक लॅटिन वाक्य प्रागला धाडलं, 'या कच्च्या गोष्टी मी उगाच गोळा करतोय' अशा अर्थाचं. त्यातलीच अक्षरं फिरवून खरं वाक्य निघत होतं: प्रेमाची माता चंद्राच्या रूपांची नक्कल करते. म्हणजे शुक्रालाही चंद्रासारख्या कला आहेत. शोध आपला हे नोंदवायचं होतं, पण पुरती खात्री होईपर्यंत उघड करायचं नव्हतं. उत्तर त्यानं जानेवारी 1611 मध्ये कळवलं. अक्षरं पस्तीस. पण कोड्याच्या वाक्यात तेहतीसच बसली. 'ओ' आणि 'वाय' ही दोन कुठेच जाईनात, म्हणून त्यानं ती तशीच शेवटी लिहून टाकली.

हे मी आत्याला सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. शुक्राचं तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग ताट बाजूला ठेवून म्हणाली, "दोन उरली? मग अजून थोडं बसायला हवं होतं त्यानं."